रेषेत काय साचलंय, ते आधी बोटाने तपासा

«ताई, माझं वय 56. कामावर जाताना रोज थोडा मेकअप करते, हौस आहे मला. घरून निघताना चेहरा छान दिसतो, पण साडेबारा वाजेपर्यंत डोळ्यांखाली आणि नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषांत फाउंडेशन जाऊन बसतं. आरशात बघितलं की वाटतं, काही लावलं नसतं तर बरी दिसले असते. दुकानातल्या मुलीने चोवीस तास टिकणारं मॅट फाउंडेशन दिलं आणि वर सेट करायला पांढरी लूज पावडर. त्याने तर जास्तच झालं. मैत्रीण म्हणते पावडर बंदच कर. पण माझं नाक-कपाळ तेलकट आहे आणि मधूनच घामाच्या लाटा येतात. मग कोणतं फाउंडेशन घेऊ? आणि पावडर लावू की नको?»

पावडर लावा, पण चेहऱ्याच्या ठरावीक भागांवरच. फाउंडेशन बदला, पण आत्ताच दुकानात जाऊ नका. त्याआधी उद्या दुपारी एक काम करा.

रेषा दिसायला लागल्या की लगेच पुसू नका. हात धुवून कोरडे करा, खिडकीजवळ जा, अनामिकेचं टोक डोळ्याखालच्या रेषेवर अलगद टेकवा आणि उचला. चोळायचं नाही. आता बोट बघा. बोटाला ओलसर, मलईसारखा रंग लागला असेल आणि तेवढ्या जागी रेषा मोकळी झाली असेल, तर तिथला थर नीट बसलाच नव्हता, तो घसरत घसरत रेषेत उतरला. बोटाला काहीच लागलं नाही किंवा कोरडी भुकटी लागली, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक तडे दिसले, तर थर वाळून कडक झाला आणि हसता-बोलताना फुटला. मग हेच नाकाच्या बाजूच्या रेषेवर करून बघा. लांबून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. घसरलेल्या थराला थोडी पावडर हवी असते. फुटलेल्या थरावर पावडर टाकली की तो आणखी फुटतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की डोळ्यांखाली तुम्हाला कोरडी भुकटी मिळेल आणि नाकाच्या बाजूला ओला रंग. एकाच चेहऱ्यावर दोन्ही. या वयात हे फार जणींचं होतं. डोळ्यांखालची त्वचा मुळात पातळ आणि तिथे तेलाच्या ग्रंथी अगदी कमी, त्यातून पाळी थांबल्यावर त्वचेतलं तेल आणखी घटतं. नाकाच्या आजूबाजूला मात्र तेल सुटतच राहतं आणि ते सरळ हसण्याच्या रेषेत उतरतं. म्हणून सगळ्या चेहऱ्यावर एकच फाउंडेशन, एकाच जाडीने, वरून एकसारखी पावडर, ही तरुणपणी चालून गेलेली पद्धत आता चालत नाही. तुमचं आणि तुमच्या मैत्रिणीचं दोघींचंही अर्धं बरोबर आहे, दोघी वेगवेगळ्या जागांबद्दल बोलताय इतकंच.

आता हे होतं कसं, ते थोडं समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. फाउंडेशन म्हणजे पाणी, सिलिकॉन किंवा तेल, आणि त्यात विखुरलेले रंगाचे कण. लावल्यावर त्यातला उडणारा भाग हळूहळू उडून जातो आणि त्वचेवर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. आपण हसलो की त्वचेला घडी पडते, तेव्हा त्या पापुद्र्यालाही वाकावं लागतं. तो ओला असेल तर घडी मिटताना रंग ढकलला जातो आणि तळाशी गोळा होतो. कडक असेल तर वाकायच्या ऐवजी मोडतो. आणि दोन्ही वेळा थर जाड असेल तर सगळं दुपटीने दिसतं. म्हणजे आपल्याला हवा तो पापुद्रा पातळ, लवचीक आणि तरीही बसलेला. फाउंडेशन निवडताना मी एवढंच बघते.

तुमच्याकडचं मॅट फाउंडेशन वाईट नाही. ते वेगळ्या कामासाठी बनलंय. अशा बाटल्यांमध्ये झटकन उडून जाणारं द्रव्य असतं, त्वचेला घट्ट पकडणारं राळेसारखं काहीतरी असतं आणि तेल शोषणाऱ्या पावडरी असतात. बाटलीमागची यादी भिंगाखाली धरून बघा. आयसोडोडेकेन आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट ही दोन नावं सुरुवातीच्या ओळींत असतील, तर ते फाउंडेशन पकडीसाठी बनवलंय असं समजा. यादीत जे जास्त ते आधी लिहितात, म्हणून शेवटाकडे असेल तर एवढी काळजी नको. अशी पकड तेलकट कपाळावर उत्तम काम करते. डोळ्यांखाली मात्र तोच पापुद्रा वाळल्या रंगासारखा ताठ होतो आणि प्रत्येक हसण्याला तडकतो.

इथे बहुतेक सल्ले लगेच दुसऱ्या टोकाला जातात: वय झालं ना, मग ड्यूई घ्या, चमकदार घ्या. मला हे पटत नाही. फार तेलकट, चकचकीत फाउंडेशन दिवसभर बसतच नाही, ते ओलंच राहतं आणि तुमच्या नाकाशेजारच्या रेषेत तर तासाभरात उतरेल. शिवाय ज्यात डोळ्यांना वेगळे दिसतील असे चमकीचे कण असतात, ते रेषेच्या दोन्ही काठांवर उजेड पकडतात आणि नसलेली सुरकुतीही दाखवतात. तुम्ही ‘सॅटिन’ किंवा ‘नॅचरल फिनिश’ लिहिलेलं, मध्यम कव्हरेजचं, पातळ वाहणारं लिक्विड फाउंडेशन बघा. बाटली हलवल्यावर आत हललेलं जाणवतं इतकं पातळ. चेहऱ्यावर डाग फारसे नसतील तर अगदी हलका रंग देणारं स्किन टिंट किंवा सीरम फाउंडेशनही चालेल, आणि रोजच्यासाठी मला तर तेच जास्त आवडतं. स्टिक आणि क्रीमचं डबीतलं फाउंडेशन आत्ता बाजूला ठेवा. त्यात मेण असतं आणि त्याचा थर नकळत जाड बसतो. ‘मॅच्युअर स्किनसाठी’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. ते शब्द बाटलीवर कोणीही छापू शकतं.

विकत घेण्याआधी मनगटावर चाचणी करा. हाताच्या पाठीवर ठिपका लावून बघायची आपली सवय असते, पण त्यातून फक्त रंग कळतो, आणि तोही धड नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला मात्र घडीच्या रेषा असतात, आणि आपल्याला तेच बघायचंय. घरून निघताना तिथे रोजचं मॉइश्चरायझर लावून जा. दुकानात तांदळाच्या दाण्याएवढं फाउंडेशन घ्या, बोटाने थोपटून त्या रेषांवर पसरा आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी बघत फिरा. मग मनगट वीसेक वेळा आत-बाहेर वाकवा आणि दाराजवळच्या उजेडात बघा. रेषा रंगाने भरली असेल तर ते घसरणारं आहे. रेषेच्या काठाला तडे गेले असतील तर ताठ होणारं आहे. दोन मनगटं आहेत, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना एका फेरीत होते. मनगटाला चेहऱ्यासारखं तेल सुटत नाही, त्यामुळे नाकाच्या बाजूला ते कसं वागेल हे यातून पूर्ण कळणार नाही. पण डोळ्यांखालचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

शेड मात्र जबड्याच्या कडेलाच बघायची, आणि लावून तासभर थांबायचं, कारण काही फाउंडेशनं हवेत आणि त्वचेच्या तेलात मिसळल्यावर थोडी गडद होतात. शेडचा आणि रेषांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. रेष म्हणजे बारीक सावली. तिच्यात त्वचेच्याच रंगाचं काही साचलं तर ते सहसा लक्षात येत नाही, पण दोन शेड उजळ रंग साचला की पांढरी ओळ ओढल्यासारखी दिसते. डोळ्यांखाली उजळ कन्सीलर लावायची पद्धत आहे ना, या वयात ती सर्वांत आधी सोडावी. काळेपणा झाकायला पीच किंवा नारिंगी छटेचं करेक्टर अगदी पुसटसं लावा, गडद त्वचेला नारिंगी आणि उजळ त्वचेला पीच. ते काळेपणातला निळसरपणा मारतं, मग वरून फार रंग घालावा लागत नाही. जितका रंग कमी, तितकं रेषेत साचायला कमी.

आता सकाळचा भाग. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारींचं मूळ फाउंडेशनमध्ये नसून त्याच्या खालच्या थरात असतं. मॉइश्चरायझर लावलं, लगेच सनस्क्रीन, लगेच प्रायमर, लगेच फाउंडेशन, असे चार ओले थर पाच मिनिटांत एकमेकांवर चढले तर ते आपापल्या जागी बसणार कधी? सगळं मिळून एकच घसरडा थर होतो. चेहरा धुतल्यावर त्वचा थोडी दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा, डोळ्यांखाली मुगाच्या दाण्याएवढं दोन्हींकडे मिळून पुरे. दहा मिनिटं कपडे, केस, डबा, जे असेल ते उरका. मग सनस्क्रीन. ते मात्र कमी करू नका, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतंच. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलं असलं तरी आपण ते इतकं थोडं लावतो की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. सनस्क्रीननंतर पुन्हा पंधरा मिनिटं. त्यानंतर एक टिश्यू उलगडून, त्याचा एक पदर वेगळा करून, नाकाच्या बाजूच्या रेषांवर आणि डोळ्यांखाली नुसता दाबा, पुसू नका. टिश्यूवर तेलाचा डाग उमटलेला दिसेल. तो डाग टिश्यूवर आला नसता, तर दुपारी फाउंडेशन घेऊन रेषेत उतरला असता.

प्रायमर लागतंच असं नाही. लावायचंच असेल तर सिलिकॉनचं गुळगुळीत प्रायमर फक्त नाकाच्या बाजूला, मसूरडाळीच्या दाण्याएवढं. डोळ्यांखाली मी लावत नाही, तिथे ते आणखी एक थर होतं. आणि रात्री रेटिनॉल लावत असाल आणि त्वचेची सालं निघत असतील, तर ते थांबेपर्यंत कोणतंही फाउंडेशन त्या सालांना धरणारच. त्या दिवसांत फाउंडेशनला दोष देऊ नका.

फाउंडेशन अर्धा पंप घ्या. पंप नसेल तर वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढं. ते हाताच्या पाठीवर काढा आणि तिथूनच थोडं थोडं उचला, बाटलीतून थेट चेहऱ्यावर ठिपके देऊ नका. जिथे रंग असमान आहे तिथून सुरुवात करा, म्हणजे बहुधा गाल, नाकाच्या कडा, हनुवटी. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घ्या आणि थोपटत थोपटत बाहेर न्या. रेषांवर वेगळं फाउंडेशन लावायचंच नाही. आजूबाजूचं थोपटून झाल्यावर स्पंजला जे उरतं, तेवढंच रेषांवरून फिरवायचं. पहिल्यांदा कराल तेव्हा वाटेल की इथे काहीच लागलं नाही. तसंच वाटायला हवं.

यानंतरची पायरी अनेक जणी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक तिनेच पडतो. फाउंडेशन आणि कन्सीलर लावून झालं की एक-दोन मिनिटं थांबा. मग आरशासमोर मनापासून हसा, डोळे बारीक करा, वर बघा, ओठांचा चंबू करा. जे रेषेत जायचं ते लगेच जाईल, तुमच्या डोळ्यांदेखत. आता चेहरा सैल सोडा, अनामिकेच्या कोरड्या टोकाने रेषेवर अलगद दाबून तो जादा रंग उचला. पुन्हा हसा, पुन्हा उचला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोटाला काही लागत नाही, म्हणजे रेष रिकामी झाली. आणि लगेच, रेष पुन्हा भरायच्या आत, पावडरची वेळ. आपण सहसा काय करतो, भरलेल्या रेषेवरच पावडर टाकतो. त्याने आत साचलेला रंग तिथेच पक्का होतो.

आता पावडर. पावडर तेल शोषते आणि पाणीही शोषते, आणि आपल्याकडे पाणी जाऊ देण्यासारखं डोळ्यांखाली काही नाही. म्हणून तिची जागा ठरवून घ्या. कपाळाचा मधला भाग, नाक, नाकाच्या पाळ्यांच्या कडा आणि हनुवटी. हसण्याच्या रेषेत नाही, तर रेषेच्या नाकाकडच्या काठावर, कारण तेल तिथून येतं. तो काठ कोरडा राहिला की रेषेत उतरायला काही उरत नाही. डोळ्यांखाली पावडर लावायची तर फक्त आतल्या कोपऱ्याच्या खाली, जिथे करेक्टर आणि कन्सीलर आहे, आणि तीही आयशॅडोच्या छोट्या मऊ ब्रशने. ब्रश पावडरीत टेकवा, मग टिश्यूवर दोनदा झटका, आणि ब्रशला काही उरलंच नाही असं वाटेल तेव्हा लावा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जिथे हसताना पंखा उघडतो, तिथे काहीही नको.

पावडर कोणती? चिमूटभर बोटांत घेऊन चोळा. चांगली दळलेली पावडर रेशमासारखी पसरते आणि दिसेनाशी होते, कण जाणवत नाहीत. लूज पावडर ब्रशने घेतली की थोडीच लागते, म्हणून रेषांच्या आसपास मी लूजच वापरते. कॉम्पॅक्टमधली दाबलेली पावडर तितकी वाईट नाही, पण तिच्यासोबत येणारा सपाट पफ एका दाबात भरपूर पावडर ठेवतो आणि दुपारी आपण पुन्हा पुन्हा त्यानेच थर चढवतो. तुमची ती पांढरी पावडर डबीवर कदाचित ‘ट्रान्सलूसंट’ म्हणवत असेल. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तिची राखाडी झाक उठते, आणि त्यात सिलिकाचं प्रमाण जास्त असेल तर फ्लॅशच्या फोटोत ती जागा पांढरीफटक येते. घरीच अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून स्वतःचा एक फोटो काढा, लगेच कळेल. तुमच्या त्वचेच्या छटेची, किंचित पिवळसर किंवा पीच पावडर घ्या. आणि डोळ्यांखाली पावडरचा जाड थर टाकून दहा मिनिटं ठेवायचा, ज्याला बेकिंग म्हणतात, तो प्रकार तुमच्यासाठी नाही. तो रंगमंचासाठी, कॅमेऱ्याच्या दिव्यांसाठी आहे. तिथे बघणारा लांब असतो. ऑफिसात समोरच्या खुर्चीवरून बोलणारी व्यक्ती हातभर अंतरावर असते.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक बाई आल्या, वय 58, त्वचा तुमच्यासारखीच, मधे तेलकट आणि डोळ्यांखाली कोरडी. त्यांचाही समज असा की फाउंडेशन बदललं की झालं. मी त्यांना नवीन काही घ्यायला लावलं नाही. त्यांचंच सॅटिन फाउंडेशन घेतलं, आणि सकाळी नऊ वाजता डाव्या बाजूला त्यांना त्यांच्या रोजच्या पद्धतीने लावायला सांगितलं: पूर्ण पंप, वर कॉम्पॅक्टचा पफ. उजव्या बाजूला मी लावलं: पाव पंप, रेषांवर फक्त स्पंजला उरलेलं, रेष रिकामी करून मग ब्रशने पावडर. सव्वानऊला दोन्ही बाजू छान होत्या, आणि खरं सांगायचं तर डावी जास्त छान होती, एकसारखी, डागविरहित. त्यांनी तसं म्हटलंही. साडेबाराला त्यांनी खिडकीजवळ काढलेला फोटो पाठवला. डाव्या डोळ्याखाली तीन पांढऱ्या रेषा, बोट लावलं तर भुकटी. उजव्या डोळ्याखाली रेषा होत्याच, पण त्वचेच्या रेषा, रंगाच्या नव्हे.

पण उजव्या बाजूची हसण्याची रेषही भरली होती, डावीइतकीच. बोट लावायला सांगितलं, तर रंग ओला. विचारल्यावर कळलं की त्या दिवशी उशीर झाला म्हणून सनस्क्रीन त्यांनी माझ्याकडे पोहोचता पोहोचताच, फाउंडेशनच्या जेमतेम दोन मिनिटं आधी लावलं होतं, आणि माझ्याकडूनही टिश्यू दाबायचा राहून गेला होता. माझी चूक ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरीच केलं, सनस्क्रीननंतर पंधरा मिनिटं थांबून, टिश्यू दाबून, नाकाकडच्या काठाला पावडर लावून. त्या दुपारच्या फोटोत दोन्ही रेषा मोकळ्या होत्या. फाउंडेशनची बाटली दोन्ही दिवशी तीच.

म्हणून तुम्हालाही सांगते, आधी अर्ध्या चेहऱ्याची अशी एक चाचणी सुट्टीच्या दिवशी करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं की फरक कशाने पडला ते कळत नाही.

दुपारी काय करायचं तेही सांगते, कारण घामाच्या लाटांचा प्रश्न वेगळा आहे. घाम आला की लगेच पावडर लावू नका. ओल्या घामावर पावडर पडली की तिची लापशी होते आणि वाळल्यावर ती पोपडे धरते. पहिल्यांदा टिश्यू टेकवा, दाबून धरा, सोडा, पुसू नका. लाट जाऊ द्या, त्वचा गार होऊ द्या, दोन-तीन मिनिटं. मग फक्त कपाळ आणि नाकावर ब्रशने हलकी पावडर. डोळ्यांखाली फुटलेलं दिसलं तर तिथे पावडरही नको आणि फाउंडेशनही नको. मॉइश्चरायझरचा मोहरीएवढा थेंब दोन अनामिकांत चोळून जवळजवळ मुरू द्या आणि त्या बोटांनी फुटलेल्या जागेवर थोपटा. वाळलेला थर नरम पडतो आणि पुन्हा त्वचेला बसतो. पर्समध्ये कॉम्पॅक्टपेक्षा टिश्यू, छोटा ब्रश आणि मॉइश्चरायझरची छोटी डबी ठेवा.

सेटिंग स्प्रे वापरत असाल तर चेहऱ्यावर थेट फवारू नका. स्पंजवर दोन फवारे मारून पावडर लावलेल्या जागी दाबा, कोरडी झाक जाते. मात्र ज्यात अल्कोहोल यादीच्या सुरुवातीलाच आहे, असा टिकाऊपणाचा स्प्रे डोळ्यांखाली नको, तो त्वचा आणखी ओढून घेतो.

एवढं करूनही चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या रेषा दिसतीलच, आणि डोळ्याखालच्या खोलगटपणाची सावली फाउंडेशनने भरून निघत नाही, कारण ती रंगाची नसते, आकाराची असते. वरून पडणाऱ्या दिव्याखाली ती गडद होते, लिफ्टच्या आरशात आपण सगळ्याच दमलेल्या दिसतो ते यामुळेच. ती झाकायला अजून एक थर द्यावासा वाटेल, तेव्हा हात आवरा. मोठं करून दाखवणारा आरसा भुवया कोरायला ठेवा, मेकअप तपासायला हातभर अंतरावरचा साधा आरसा वापरा.

तुमचं आत्ताचं मॅट फाउंडेशन टाकून देऊ नका. कपाळ आणि नाकावर, जिथे तेल आहे आणि घडी कमी आहे, तिथे ते पातळ लावून बघा, नवीन सॅटिनचं गाल आणि बाकी चेहऱ्यावर. दोन्हींची शेड जुळत असेल तर सीमा कुठे आहे ते तुम्हालाही दिसणार नाही. पांढरी पावडर मात्र चेहऱ्याला नको. आणि साडेबाराला बोटाला काय लागलं, ओलं की कोरडं, ते डोळे आणि नाक दोन्ही जागांचं वेगवेगळं लिहून कळवा. माझा अंदाज चुकला असेल तर पावडरची जागा आपल्याला बदलावी लागेल.